दहा टक्के, पण कशाचे?

अकरावीच्या पुस्तपालनाच्या पुस्तकात घसाऱ्याच्या धड्यात एक वाक्य हमखास भेटतं: घटत्या शिलकेच्या पद्धतीत सुरुवातीच्या वर्षांत घसारा जास्त पडतो आणि पुढे तो कमी होत जातो, तर स्थिर हप्ता पद्धतीत तो दरवर्षी सारखाच राहतो. हे वाक्य पाठ करून विद्यार्थी उदाहरण सोडवायला घेतो. एक लाख रुपयांचं यंत्र, घसारा दरसाल 10 टक्के, दोन्ही पद्धतींनी तिसऱ्या वर्षाचा घसारा काढा. स्थिर हप्त्याने उत्तर येतं 10,000. घटत्या शिलकेने पहिल्या वर्षी 10,000, दुसऱ्या वर्षी 9,000 आणि तिसऱ्या वर्षी 8,100. म्हणजे ज्या पद्धतीत सुरुवातीला घसारा जास्त पडायला हवा, तिने एकाही वर्षी दुसरीपेक्षा जास्त घसारा दिला नाही. पहिल्या वर्षी बरोबरी, आणि नंतर सतत कमीच.

हुशार विद्यार्थी इथे अडतो, आणि त्याने अडायलाच हवं. बहुतेक वेळा त्याला सांगितलं जातं की गणित बरोबर आहे, पुढे चल. गणित बरोबर आहे हे खरंच. पुस्तकातलं वाक्यही बरोबर आहे. फक्त ते वाक्य आणि ते उदाहरण एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत, आणि हा फरक कळला की या धड्यातले बाकीचे सापळे आपोआप दिसू लागतात.

आधी साधी बाब. यंत्र विकत घेतलं की त्याची सगळी किंमत त्याच वर्षीच्या खर्चात टाकता येत नाही, कारण ते पुढची अनेक वर्षं कमाई करून देणार असतं. म्हणून ती किंमत त्या वर्षांवर वाटून टाकायची. या वाटणीतला दरवर्षीचा वाटा म्हणजे घसारा. वाटणी कशी करायची याचे दोन रिवाज आहेत. स्थिर हप्त्यात दर टक्के नेहमी मूळ किमतीवर लागतो, म्हणून रक्कम बदलत नाही. घटत्या शिलकेत तो वर्षाच्या सुरुवातीला खात्यावर जी किंमत उरली आहे तिच्यावर लागतो, म्हणून रक्कम घसरत जाते. प्रश्नपत्रिकेत ‘10 टक्के’ एवढंच छापलेलं असतं. ते दहा टक्के कशाचे, हे पद्धतीचं नाव ठरवतं.

आता वरच्या कोड्याकडे येऊ. दोन्ही पद्धतींत 10 टक्केच धरले, तर दोन्ही पद्धती एकाच यंत्राचं एकच आयुष्य गृहीत धरतात का? नाही. स्थिर हप्त्याने 10 टक्के म्हणजे दहा वर्षांत यंत्राची किंमत खात्यावर शून्य. घटत्या शिलकेने 10 टक्क्यांनी दहा वर्षं चाललात, तर एक लाखातले सुमारे 34,868 रुपये अजून खात्यावर उभेच असतात. म्हणजे दुसऱ्या हिशेबातलं यंत्र मुळातच फार जास्त टिकणारं धरलेलं आहे. दोन वेगळ्या आयुष्यांच्या यंत्रांची तुलना करून कोणत्या पद्धतीत घसारा जास्त पडतो हे विचारण्यात अर्थ नाही. पुस्तकातलं वाक्य खरं ठरतं ते तेव्हा, जेव्हा दोन्ही पद्धती तितक्याच वर्षांत यंत्राला तितक्याच भंगार किमतीवर आणून सोडतात. तसं करायचं तर दोघींचे दर वेगळे असावे लागतात, आणि घटत्या शिलकेचा दर बराच मोठा असावा लागतो.

याचा सुरेख दाखला आपल्याच कायद्यात होता. 1956 च्या कंपनी कायद्याच्या चौदाव्या परिशिष्टात घसाऱ्याचे दर दिलेले होते. एका पाळीत चालणाऱ्या सर्वसाधारण यंत्रसामग्रीला स्थिर हप्त्याने 4.75 टक्के आणि घटत्या शिलकेने 13.91 टक्के. जुन्या हिशेबनिसांना हे दोन आकडे तोंडपाठ असत. नव्या माणसाला वाटतं, एकाच यंत्राला कायदा एकीकडे पावणेपाच आणि दुसरीकडे जवळजवळ चौदा टक्के कसा लावतो? पण लाख रुपयांच्या यंत्रावर 4.75 टक्क्यांनी वीस वर्षं घसारा लावला की 95,000 रुपये जातात आणि 5,000 उरतात. आणि उरलेल्या किमतीवर दरवर्षी 13.91 टक्के कापत वीस वर्षं गेलात, तरी जवळपास तेच 5,000 उरतात. दोन दर, पण यंत्र एकच, आयुष्य एकच आणि शेवटही एकच.

या जोडीवर पुस्तकातलं वाक्य ताडून पाहा. पहिल्या वर्षी स्थिर हप्त्याने 4,750 रुपये, घटत्या शिलकेने 13,910 रुपये. दुसऱ्या वर्षी 4,750 च्या समोर सुमारे 11,975. पहिल्या पाच वर्षांत एका पद्धतीने 23,750 रुपये जातात, तर दुसरीने जवळपास 52,700. हे अंतर हळूहळू मिटत जातं, आणि नवव्या वर्षापासून घटत्या शिलकेचा घसारा 4,750 च्या खाली उतरतो. सुरुवातीला जास्त, पुढे कमी, हे आता डोळ्यांना दिसतं. 2013 च्या नव्या कंपनी कायद्याने दर देणं सोडलं. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात मालमत्तेचं उपयुक्त आयुष्य दिलेलं आहे आणि उरणारी किंमत सहसा मूळ किमतीच्या 5 टक्क्यांहून जास्त धरू नये असं म्हटलं आहे. दर आपण काढायचा. माझ्या मते शिकणाऱ्यासाठी ही चांगली गोष्ट झाली, कारण आयुष्य आधी आणि टक्के नंतर, हा खरा क्रम त्यामुळे समोर येतो.

परीक्षेतल्या उदाहरणातही हा क्रम दिसतो, पण अर्ध्याच उदाहरणांत. काही उदाहरणांत दर थेट दिलेला असतो, काहींत आयुष्य आणि भंगार किंमत. दुसऱ्या प्रकारात स्थिर हप्ता अगदी सोपा आहे: किमतीतून भंगार किंमत वजा करायची आणि वर्षांनी भागायचं. एका कचेरीने 1,60,000 रुपयांचा संगणक संच घेतला, तो चार वर्षं चालेल आणि शेवटी 10,000 रुपयांना जाईल असं धरू. दीड लाखाला चाराने भागून वर्षाला 37,500.

घटत्या शिलकेचा दर मात्र असा काढता येत नाही. पुष्कळ विद्यार्थी 37,500 हे 1,60,000 चे किती टक्के ते काढतात, साडेतेवीसच्या आसपास येतात, आणि तोच दर उरत्या किमतीवर लावत सुटतात. चौथ्या वर्षाअखेर त्यांच्या खात्यावर दहा हजारांऐवजी पंचावन्न हजारांच्या आसपास रक्कम उरते. योग्य विचार असा: दर वर्षाअखेर किमतीचा एक ठरावीक हिस्सा उरतो. तो हिस्सा चार वेळा लागून 1,60,000 चे 10,000 झाले पाहिजेत. 10,000 हा 1,60,000 चा सोळावा भाग. ज्या संख्येला चार वेळा स्वतःनेच गुणल्यावर सोळावा भाग येतो, ती म्हणजे अर्धा. म्हणजे दरवर्षी निम्मी किंमत उरते, निम्मी जाते. दर 50 टक्के. चौथं मूळ काढायचं असेल तर वर्गमूळ दोनदा काढलं की झालं, आणि परीक्षेत आकडे बहुधा असे जुळवलेले असतात. हे सगळं एका ओळीत लिहायचं तर भंगार किमतीला मूळ किमतीने भागायचं, जितकी वर्षं तितकंवं मूळ काढायचं, आणि ते एकातून वजा करायचं.

पडताळून पाहा: पहिल्या वर्षी 80,000, दुसऱ्या वर्षी 40,000, तिसऱ्या वर्षी 20,000, चौथ्या वर्षी 10,000. बेरीज 1,50,000 आणि खात्यावर उरले बरोबर 10,000. स्थिर हप्त्यानेही चार वर्षांत 1,50,000 च गेले होते. दोन्ही पद्धतींत एकूण रक्कम तीच असते. बदलतं ते फक्त तिचं वर्षांवरचं वाटप.

या उदाहरणात आणखी एक चूक दबा धरून बसलेली असते. स्थिर हप्त्यात भंगार किंमत आधी वजा केली होती, म्हणून विद्यार्थी घटत्या शिलकेतही ती आधी वजा करतो आणि 1,50,000 वर 50 टक्के लावतो. मग आकडे येतात 75,000, 37,500, 18,750 आणि 9,375. चार वर्षांत 1,40,625 गेले, खात्यावर 19,375 उरले. भंगार किमतीच्या जवळजवळ दुप्पट. कारण असं की घटत्या शिलकेत भंगार किंमत दरातच मुरलेली असते, ती आधी एकदा वजा केली तर तिचा हिशेब दोनदा होतो. आणि यावरूनच हेही कळतं की भंगार किंमत शून्य असेल तर या पद्धतीला दरच सापडत नाही. दरवर्षी उरलेल्याचा काही हिस्सा कापत गेलं तर थोडं तरी उरतंच. शून्यावर पोहोचायचं तर पहिल्याच वर्षी 100 टक्के कापावे लागतील.

प्रश्नात दर, आयुष्य आणि भंगार किंमत असं तिन्ही एकदम दिलं असेल तर? छोट्या चाचण्यांतून असे प्रश्न मुद्दाम घातले जातात. घटत्या शिलकेचा दर दिलेला असेल, तर तो मूळ किमतीवरून सुरू करायचा आणि बाकीची माहिती बाजूला ठेवायची. पुढे दिलेली भंगार किंमत फक्त एवढ्यासाठी वापरायची की खात्यावरची रक्कम तिच्या खाली तर गेली नाही ना.

आता वर्षाच्या मधोमध खरेदी आणि मधोमध विक्री असलेलं उदाहरण घेऊ, कारण गुण जातात ते बहुधा इथे. इचलकरंजीच्या एका कारखानदाराने 1 जुलै 2021 रोजी जुना यंत्रमाग 1,80,000 रुपयांना घेतला. तो आणण्याचं भाडं आणि बसवण्याचा खर्च मिळून 20,000 रुपये झाले. घसारा दरसाल 10 टक्के. हिशेबाची पुस्तकं दर 31 मार्चला बंद होतात. 30 सप्टेंबर 2023 रोजी माग 1,50,000 रुपयांना विकला. विक्रीवर नफा की तोटा, आणि किती?

पहिला निर्णय किमतीचा. मागाची किंमत 1,80,000 नव्हे, 2,00,000. वस्तू कामाला लागण्याच्या स्थितीत येईपर्यंत झालेला खर्च तिच्या किमतीत धरायचा. जुन्या यंत्राची चालू करण्याआधीची दुरुस्तीही तीतच. चालू झाल्यानंतरची नेहमीची दुरुस्ती मात्र त्या वर्षाचा खर्च. इथे 20,000 विसरलात तर पुढची प्रत्येक ओळ चुकते, आणि ती ओळ स्वतःत इतकी व्यवस्थित दिसते की चूक कुठे झाली ते सापडत नाही.

दुसरा निर्णय महिन्यांचा. जुलै ते मार्च नऊ महिने. शेवटच्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने. बोटांवर मोजायला लाजू नका. जुलैला सातवा महिना धरून बारातून सात वजा करणारे पाच महिने लिहून येतात, कारण त्यांचं वर्ष डिसेंबरला संपतं. काही उदाहरणांत पुस्तकं खरोखरच 31 डिसेंबरला बंद होतात, म्हणून ती तारीख आधी वाचायची. ‘दरसाल’ हा शब्दही पाहायचा. तो असेल तर महिन्यांप्रमाणे घसारा. नुसते ‘10 टक्के’ दिले असतील तर खरेदीची तारीख काहीही असो, पूर्ण वर्षाचा घसारा धरायचा, असा संकेत अनेक पुस्तकांत पाळला जातो. आपल्या शिक्षकांचा कल कुठे आहे ते आधीच विचारून ठेवलेलं बरं.

स्थिर हप्त्याने वर्षाचा घसारा 20,000. पहिल्या वर्षी नऊ महिन्यांचे 15,000, दुसऱ्या वर्षी पूर्ण 20,000, तिसऱ्या वर्षी सहा महिन्यांचे 10,000. एकूण 45,000. विक्रीच्या दिवशी खात्यावर 1,55,000. माग गेला 1,50,000 ला, म्हणून तोटा 5,000.

घटत्या शिलकेने पहिल्या वर्षी तेच 15,000, कारण अजून काही घटलेलं नाही. खात्यावर 1,85,000. दुसऱ्या वर्षी त्याचे 10 टक्के म्हणजे 18,500, खात्यावर 1,66,500. तिसऱ्या वर्षी 1,66,500 चे सहा महिन्यांचे 8,325, खात्यावर 1,58,175. विक्री 1,50,000, म्हणून तोटा 8,175.

विद्यार्थी इथे उत्तराखाली रेघ मारतो. पण या दोन उत्तरांत त्याच्याजवळ एक पडताळा तयार आहे, जो फारसा कुणी वापरत नाही. स्थिर हप्त्याचा घसारा 45,000 आणि तोटा 5,000, बेरीज 50,000. घटत्या शिलकेचा घसारा 41,825 आणि तोटा 8,175, बेरीज पुन्हा 50,000. माग दोन लाखांना पडला, दीड लाखाला गेला. पन्नास हजार रुपये खरोखर गेले आणि कोणतीही पद्धत ते वाढवू किंवा कमी करू शकत नाही. घसारा म्हणून जेवढे कमी दाखवले, तेवढा विक्रीचा तोटा फुगतो. म्हणून कोणत्याही एका पद्धतीने सोडवलं तरी शेवटी घसारा आणि तोटा यांची बेरीज करा, किंवा नफा झाला असेल तर तो घसाऱ्यातून वजा करा. उत्तर मूळ किमतीतून विक्री किंमत वजा करून येणाऱ्या रकमेइतकंच हवं. तेवढं जुळलं नाही, तर मधल्या एखाद्या बेरीज-वजाबाकीत घोटाळा आहे. हा पडताळा महिने चुकीचे मोजल्याचं मात्र सांगत नाही, कारण तेव्हाही बेरीज जुळतेच. किंमत 1,80,000 धरणाऱ्याची बेरीज 30,000 येते आणि तीही त्याच्या चुकलेल्या किमतीशी जुळते. किंमत आणि तारखा या दोन गोष्टी डोळ्यांनीच तपासाव्या लागतात.

यंत्र खात्यावर दोन-तीन यंत्रं वेगवेगळ्या वेळी घेतलेली असतील आणि त्यांतलं एकच विकलं असेल, तर खात्याच्या एकूण शिलकेवरून उत्तर काढायचा मोह टाळावा. विकलेल्या यंत्राचा हिशेब कागदाच्या बाजूला वेगळा, त्याच्या स्वतःच्या खरेदीच्या तारखेपासून उतरवायचा, आणि मग खात्यात न्यायचा.

उलटा प्रश्न हा घटत्या शिलकेचा आणखी एक आवडता प्रकार. तीन वर्षांनी यंत्राची खात्यावरची किंमत 72,900 आहे, दर 10 टक्के. मूळ किंमत किती? सहज सुचणारा मार्ग म्हणजे दरवर्षी 10 टक्के परत मिळवत जाणं. 72,900 चे 80,190, त्याचे 88,209, आणि त्याचे 97,029.90. उत्तर जवळपासचं दिसतं, पैसेही निघतात, आणि तरी ते चुकलेलं असतं. कापलेले दहा टक्के मोठ्या रकमेचे होते, मिळवलेले दहा टक्के लहान रकमेचे आहेत. दरवर्षी 90 टक्के उरले होते, म्हणून परत जाताना दरवर्षी 0.9 ने भागायचं: 81,000, मग 90,000, मग 1,00,000. स्थिर हप्त्यात हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटतो. तीन वर्षांत मूळ किमतीचे 30 टक्के गेले, 70 टक्के उरले, उरलेल्याला 0.7 ने भागलं की मूळ किंमत. दहा टक्के कशाचे हा प्रश्न इथे उलट्या दिशेने तोच आहे.

दोन पद्धती ठेवण्यामागे कारणही आहे. इमारतीचा भाडेपट्टा किंवा ठरावीक मुदतीचं पेटंट दरवर्षी सारखंच झिजतं, तिथे स्थिर हप्ता शोभतो. मोटारी आणि यंत्रं जुनी झाली की दुरुस्तीचा खर्च वाढत जातो. घसारा उतरता ठेवला तर दुरुस्ती आणि घसारा मिळून दर वर्षावर पडणारा भार फारसा हलत नाही.

परीक्षेतल्या या मागाच्या उदाहरणाची मर्यादा आयकराच्या हिशेबात उघडी पडते. तिथे घटत्या शिलकेची पद्धत चालते, वीजनिर्मितीसारख्या मोजक्या उद्योगांनाच स्थिर हप्त्याची मुभा आहे. पण तिथे एकेका यंत्राचं खातं नसतं. एकाच दराच्या मालमत्तांचा गट करतात. नवी खरेदी गटाच्या रकमेत मिळवतात, विक्रीची रक्कम तीतून वजा करतात आणि वर्षाअखेर उरलेल्या रकमेवर दर लावतात. त्या वर्षी घेतलेलं यंत्र 180 दिवसांहून कमी वापरलं गेलं असेल तर त्यावर निम्मा दर. महिने मोजण्याची भानगडच नाही. इचलकरंजीच्या कारखानदाराच्या गटात दुसरे माग शिल्लक असतील आणि गटाची रक्कम संपलेली नसेल, तर विकलेल्या मागाचे दीड लाख गटातून वजा होतील आणि 8,175 रुपयांचा तोटा आयकराच्या कागदावर वेगळा कुठे दिसणारच नाही. तो गटाच्या उरलेल्या रकमेत मिसळून पुढच्या वर्षांच्या घसाऱ्यातून थोडा थोडा वजा होत राहील.